मधला रकाना ठेवायचा की काढायचा? पहिल्यांदाच मतचाचणी घेणाऱ्यांसाठी

"मधला पर्याय ठेवूच नका. दिला की लोक तिथेच टिक करून मोकळे होतात." प्रश्नावलीचा कच्चा मसुदा चार जणांसमोर ठेवला की त्यातला एक जण तरी हे म्हणतोच. त्यावर दुसरा विचारतो, "अहो, पण ज्याचं मतच झालेलं नाही त्यानं काय करायचं?" मग चहा येतो, आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या म्हणण्याप्रमाणे पर्याय चार राहतात किंवा पाच होतात.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण सहमत आणि असहमत यांच्यामधला हा रकाना काढल्यावर आकड्यांचं नेमकं काय होतं हे दोघांपैकी कोणीच तपासलेलं नसतं. ते तपासता येतं, आणि त्यासाठी संख्याशास्त्राची पदवी लागत नाही. इथे मी एकच प्रश्न घेऊन तो सुरुवातीपासून अहवालापर्यंत नेणार आहे. आकडे कल्पित आहेत, हिशेब कळावा म्हणून घेतलेले. प्रसंग मात्र कुठल्याही गावात घडेल असा आहे.

एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. नोकरदार सभासदांचं म्हणणं, वाचनालय रात्री आठला बंद होतं, घरी येईपर्यंत कुलूप लागलेलं असतं. एक तास वाढवायचा तर ग्रंथपालांच्या मदतनिसाला जादा पैसे द्यावे लागणार, म्हणजे वर्गणी वाढणार. कार्यकारिणीने ठरवलं, सभासदांना विचारू. विधान असं ठरलं: "वाचनालय रात्री ८ ऐवजी ९ वाजेपर्यंत उघडं ठेवावं आणि त्यासाठी मासिक वर्गणी २० रुपयांनी वाढवावी." पुढे सहमतीचे पर्याय: पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत. आता ते चारच ठेवायचे, की मधे एक घालून पाच करायचे?

आधी बघा, मधल्या रकान्यात बसतं कोण

मतांच्या पट्टीची आज सर्वत्र दिसणारी पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली. त्याच्या पट्टीत पाच पर्याय होते आणि मधल्याचं नाव होतं "अजून ठरलेलं नाही" अशा अर्थाचं. आज आपण तिथे बहुतेक वेळा "तटस्थ" किंवा "ना सहमत ना असहमत" लिहितो. दोन्हींत फरक आहे. ज्याचं अजून ठरलेलं नाही तो उद्या कुठेही जाऊ शकतो. जो तटस्थ आहे त्याने विचार करून मध्यावर पाय रोवलेले असू शकतात.

वाचनालयाच्या प्रश्नावर मधे टिक करणारे चार तऱ्हेचे असतील. एकाला दोन्ही बाजू पटतात: तास वाढलेला हवा आहे, पण वर्गणी वाढलेली नको. दुसऱ्याने या गोष्टीचा विचारच केलेला नाही, पण "मला माहीत नाही" म्हणायला तो संकोचतो. तिसरा दुपारी चारला येऊन वर्तमानपत्रं चाळून जाणारा. त्याला रात्रीच्या वेळेशी देणंघेणं नाही. चौथ्याचं मत पक्कं आहे, पण ग्रंथपाल ओळखीचे असल्यामुळे त्याला ते कागदावर नको आहे. चौघांची टिक एकाच चौकोनात पडते आणि मोजणी करणाऱ्याला चौघेही सारखेच दिसतात.

यातला दुसरा माणूस किती मोठ्या संख्येने असतो हे ब्रिटनमध्ये तपासलं गेलं आहे. पॅट्रिक स्टर्जिस, कॅरोलाइन रॉबर्ट्स आणि पॅटन स्मिथ यांनी मधला पर्याय निवडणाऱ्यांना लगेच पुढचा प्रश्न विचारला, की तुमचं मत खरोखर मधलं आहे, की या विषयावर मतच नाही? त्यांचा २०१४ मधला निष्कर्ष असा, की मधे बसलेल्यांपैकी बहुसंख्य लोक मध्यममार्गी नव्हते. "माहीत नाही" म्हणण्याची लाज झाकण्यासाठी त्यांनी मधली जागा घेतली होती.

म्हणून "लोक तिथेच टिक करून मोकळे होतात" ही तक्रार खरी आहे. पण त्यावर रकाना काढणं हा उपाय होतो का, हा वेगळा प्रश्न आहे. घरात पाहुणे जास्त झाले म्हणून ओसरी पाडली तर पाहुणे परत जात नाहीत, आतल्या खोल्यांत शिरतात. कोणत्या खोलीत, हे बघायला हवं.

काढल्यावर माणसं कुठे जातात

याचा सर्वांत नीट अभ्यास हॉवर्ड शूमन आणि स्टॅनली प्रेसर यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात केला. एकाच सर्वेक्षणात निम्म्या लोकांना मधल्या पर्यायासह आणि निम्म्यांना त्याविना तोच प्रश्न विचारायचा, कोणाला कोणता हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, अशी त्यांची रीत. एक प्रश्न घटस्फोटाविषयी होता: देशात घटस्फोट मिळणं अधिक सोपं करावं की अधिक अवघड? दुसऱ्या गटासाठी त्यात भर होती, "की आता आहे तसंच ठेवावं?"

मधला पर्याय न देताही सुमारे २२ टक्के लोकांनी आपणहून सांगितलं, आहे तसंच राहू द्या. पर्याय दिल्यावर हे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेलं. "अवघड करा" म्हणणारे साधारण ४५ वरून ३३ टक्क्यांवर आले, "सोपं करा" म्हणणारे २९ वरून २३ वर. "माहीत नाही" जवळपास जागच्या जागी राहिलं.

आता मधले आणि "माहीत नाही" म्हणणारे बाजूला ठेवून फक्त बाजू घेणाऱ्यांचं प्रमाण काढा. पहिल्या गटात "सोपं करा" म्हणणारे शंभरात सुमारे ३९, दुसऱ्यात सुमारे ४१. म्हणजे मधली जागा दोन्ही बाजूंतून माणसं ओढून घेते, पण दोन बाजूंचं आपसातलं प्रमाण फारसं हलत नाही. शूमन आणि प्रेसर यांच्या बहुतेक प्रश्नांत हेच दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, की मधल्या पर्यायाकडे सरकणारे मुख्यतः ज्यांची मतं सौम्य आहेत ते असतात. ज्याला एखादी गोष्ट मनापासून पटते किंवा खटकते तो मधला रकाना असो वा नसो, आपल्या टोकालाच बसतो.

इथे थांबलो तर वाटेल, चला, प्रमाण बदलत नाही ना, मग काहीही करा. पण "बहुतेक" या शब्दावर जरा अडखळा. न्यूझीलंडमध्ये रॉन गारलंड यांनी १९९१ मध्ये ग्राहकांवर केलेल्या चाचणीत मधला पर्याय काढल्यावर उत्तरं नकाराकडे झुकली. त्याआधी, १९७५ मध्ये, वूस्टर आणि बर्न्स यांना ब्रिटनमध्ये नेमकं उलट, होकाराकडे झुकलेलं दिसलं होतं. म्हणजे कल कोणत्या बाजूला जाईल हे आधी सांगता येत नाही. तो विषयावर, शब्दांवर आणि विचारणाऱ्यासमोर माणसाला किती मोकळं वाटतं यावर ठरतो. "मधला काढला तर नेहमी होकार वाढतो" असं कोणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्याकडून एवढंच समजून घ्या, की त्याच्या चाचणीत तसं झालं असावं.

ज्यांना दोन्ही बाजू पटतात त्यांचं वागणं आणखी वेगळं असतं. मधली जागा नाही म्हटल्यावर ते नाणं उडवत नाहीत. दोन बाबींपैकी त्यांना जी जास्त महत्त्वाची वाटते तिच्याकडे वळतात. आपल्या वाचनालयात पैशाची चणचण असलेला सभासद "असहमत"कडे जाईल आणि उशिरा घरी पोचणारा "सहमत"कडे. त्या दोघांच्या मनातली ओढाताण मात्र निकालात कुठेच दिसणार नाही.

पायरी पहिली: या प्रश्नाला खरोखर मध्य आहे का, ते बघा

पट्टीच्या दोन टोकांना एकमेकांची विरुद्ध मतं असतील, म्हणजे सहमत आणि असहमत, समाधानी आणि असमाधानी, तर मध्याला अर्थ असतो. पण "तुम्ही वाचनालयात किती वेळा येता?" या प्रश्नाच्या एका टोकाला "कधीच नाही" आणि दुसऱ्या टोकाला "रोज" असेल, तर मधे "तटस्थ" नावाची वस्तूच नाही. तिथे "महिन्यातून दोन-तीनदा" असतं, आणि ते साधं प्रमाण आहे. अशा प्रश्नात मधल्या पर्यायावरून वाद घालायची गरज नाही. सम संख्या घ्या किंवा विषम घ्या, फक्त अंतरं नीट ठेवा.

दुसरं, "आहे तसंच राहू द्या" ही खरीखुरी भूमिका आहे का? घटस्फोटाच्या प्रश्नात ती होती. वर्गणी वाढवावी की कमी करावी, या प्रश्नातही ती असते. तिथे मधला पर्याय काढणं म्हणजे निवडणुकीत एका उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवरून गाळणं. अशा प्रश्नात तो ठेवायचाच.

आपलं वाचनालयाचं विधान सहमतीचं आहे, त्यामुळे मध्य शक्य आहे. पण त्यात एक खोट आहे, आणि ती तुमच्या आतापर्यंत लक्षात आली असेल. एका वाक्यात दोन गोष्टी आहेत: वेळ आणि पैसे. वेळ हवी पण वाढ नको, अशा माणसाला मधेच बसावं लागतं. मधला रकाना फुगलेला दिसला तर लोकांना दोष देण्याआधी वाक्यात "आणि" आहे का ते बघा. इथे मात्र कार्यकारिणीला तोच सौदा विचारायचा होता, कारण पैशाशिवाय वेळ मिळणारच नव्हती. म्हणून विधान तसंच ठेवलं, पण "दोन्हीकडे ओढ" असलेले लोक मधे येणार हे गृहीत धरलं.

पायरी दुसरी: "माहीत नाही"ला वेगळी जागा द्या

माझं मत विचाराल तर सगळ्यांत जास्त फरक ही पायरी पाडते, आणि सगळ्यांत जास्त वेळा तीच गाळली जाते. मधला पर्याय आणि "या विषयावर मत नाही" हे दोन वेगळे पर्याय करा. दुसरा पट्टीच्या आत घुसवू नका. थोडी जागा सोडून, शेवटी, वेगळ्या ओळीत लिहा. कागदावर मधे एक रेघ मारली तरी पुरते.

याचा तोटा असा, की काही आळशी उत्तरं तिथे जमा होतात. पण निदान ती मध्यममार्गी म्हणून मोजली जात नाहीत. मोजणी करताना त्यांना सरासरीत धरायचं नाही, फक्त किती आले तेवढं सांगायचं.

पायरी तिसरी: शब्द मराठीतून सुचू द्या

इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर करणारे सर्रास "तटस्थ" लिहितात. हा शब्द वर्तमानपत्रात ठीक आहे. तिथे देश तटस्थ राहतात, आमदार मतदानाच्या वेळी तटस्थ राहतात. पण सत्तरीच्या आजींना "तुम्ही तटस्थ आहात का?" विचारून बघा. "ना सहमत ना असहमत" हा त्यातल्या त्यात बरा, पण तोंडी वाचून दाखवताना जीभ अडखळते आणि ऐकणाऱ्याला शेवटचा "असहमत" तेवढाच ऐकू येतो. तोंडी मुलाखतीत मी "हेही नाही, तेही नाही" किंवा "दोन्हीच्या मधे" असं म्हणायला सांगतो.

"ठीक" आणि "बरं" यांपासून मात्र सांभाळा. समाधानाच्या पट्टीत मधे "ठीक" लिहिलं की काही जण त्याचा अर्थ "चांगलं" घेतात आणि काही "चालवून घेतो" असा. "कसं आहे जेवण?" "बरंय." या बरंयमध्ये सुराप्रमाणे काहीही मावतं, आणि कागदाला सूर नसतो.

सगळ्यांत चकवा देणारा शब्द म्हणजे "चालेल". घरोघर जाऊन मुलाखती घेणाऱ्या मुलांबरोबर मी एकदा फिरत होतो. प्रश्न ऐकून एक काकू म्हणाल्या, "चालेल की." मुलाने "सहमत"वर खूण केली. पुढच्या घरात हुबेहूब तेच उत्तर आलं आणि त्याच्या जोडीदाराने मधल्या चौकोनात खूण केली. दोघांचंही चुकलं नव्हतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तोंडी सर्वेक्षणाआधी अशा पाच-सहा उत्तरांची यादी करा: "चालेल", "बघू", "तुम्ही म्हणाल तसं", "काय फरक पडतोय", "ठरवा तुम्हीच". यातल्या प्रत्येक उत्तरावर मुलाखत घेणाऱ्याने काय करायचं ते आधी लिहून ठेवा. माझा नियम साधा आहे, अशा उत्तरावर एकदा परत विचारायचं, "म्हणजे तुम्हाला हे हवं आहे, नको आहे, की दोन्हीच्या मधे?" आणि दुसऱ्यांदा जे येईल ते लिहायचं.

तोंडी मुलाखतीत आणखी एक वाट असते, जी छापील अर्जावर नसते. मधला पर्याय वाचून दाखवायचा नाही, पण कोणी आपणहून बोललं तर तसा नोंदवायचा. घटस्फोटाच्या प्रश्नातल्या पहिल्या गटातले २२ टक्के असेच आले होते. विचार करून मधे असलेला माणूस सहसा बोलतो, आणि सोय म्हणून मधे जाणारा गळतो. ही वाट मला आवडते, पण मुलाखत घेणारे शिकलेले हवेत. नाहीतर एक जण नोंदवतो आणि दुसरा समोरच्याला ढकलून बाजू घ्यायला लावतो.

ऑनलाइन फॉर्म करत असाल तर एक छोटी खोच. गूगल फॉर्ममधला `Linear scale` फक्त दोन टोकांना नावं देऊ देतो, मधल्या आकड्यांना नाही. शिवाय अनेक जण तिथे १ ते १० घेतात आणि समजतात, मध्य नाही, बरं झालं. त्या पट्टीचा खरा मध्य ५.५ आहे, पण उत्तर देणारे ५ लाच मध्य मानून टिक करतात, आणि ५ तर खालच्या अर्ध्यात मोडतो. तटस्थ माणूस नकळत नाराज ठरतो. मध्य हवा असेल तर ० ते १० घ्या, नाहीतर `Multiple choice` घेऊन प्रत्येक पर्याय शब्दांत लिहा. मी दुसरं करतो.

पायरी चौथी: अर्ध्यांना चार, अर्ध्यांना पाच

वाद मिटवायचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे शूमन आणि प्रेसर यांनी केलं तेच करणं. वाचनालयाचे ४०० सभासद उत्तर देणार असं धरू. २०० जणांना पाच पर्याय, २०० जणांना चार. बाकी सगळं एकसारखं: शब्द, प्रश्नांचा क्रम, दिवस. "मत नाही"ची वेगळी ओळ या तुलनेपुरती दोन्हींत ठेवली नाही, कारण आपल्याला एकट्या मधल्या रकान्याचा परिणाम बघायचा आहे. प्रश्न कोरा सोडण्याची मुभा मात्र दोन्ही कागदांवर होती.

वाटणी कशी करायची यात लोक चुकतात. सकाळी आलेल्यांना एक कागद आणि संध्याकाळी आलेल्यांना दुसरा, असं केलं तर संपलंच; संध्याकाळवाल्यांनाच तर वाढीव तास हवा आहे. कागदांचा गठ्ठा करतानाच एक पाच पर्यायांचा, एक चार पर्यायांचा असा आलटून पालटून लावा आणि वरून देत चला. ऑनलाइन असेल तर काही जण "जन्मतारखेचा दिवस सम की विषम?" असं विचारून उत्तराप्रमाणे वेगळ्या भागात पाठवतात. आपल्याकडे तो उपाय फसतो. जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली आहे, त्यामुळे सगळी ज्येष्ठ मंडळी विषम गटात जातात. मोबाईल क्रमांकाचा शेवटचा अंक सम की विषम, हे विचारा.

किती माणसं लागतील? प्रत्येक गटात ५० असतील तर दोन गटांतला १९-२० टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. २०० असतील तर हीच मर्यादा १० टक्क्यांच्या आसपास येते. याहून लहान फरकावरून भाष्य करू नका. पन्नास-साठच सभासद असतील तर ही चाचणी करायच्या भानगडीत पडू नका. त्यापेक्षा दहा जणांशी बोला.

पायरी पाचवी: निकाल शेजारी ठेवून वाचा

पाच पर्यायांच्या गटात समजा असं आलं: पूर्ण सहमत ३६, सहमत ५०, मधले ६४, असहमत ३०, पूर्ण असहमत २०. चार पर्यायांच्या गटात: पूर्ण सहमत ३८, सहमत ७६, असहमत ५४, पूर्ण असहमत २२, आणि १० जणांनी प्रश्न कोरा सोडला.

आधी बाजू मोजा. पहिल्या गटात सहमत एकूण ८६, म्हणजे ४३ टक्के. दुसऱ्या गटात ११४, म्हणजे ५७ टक्के. कार्यकारिणीने "निम्म्याहून जास्त सभासद सहमत असतील तर वेळ वाढवू" असं ठरवलं असेल, तर पाच पर्यायांच्या कागदाने ठराव पडतो आणि चार पर्यायांच्या कागदाने मंजूर होतो. दोन गट सारखेच आहेत, गावही एकच आहे. बदलला तो एक चौकोन.

आता मधले वगळा. पहिल्या गटात बाजू घेणारे १३६ आणि त्यात सहमत ६३ टक्के. दुसऱ्या गटात बाजू घेणारे १९० आणि त्यात सहमत ६० टक्के. हा फरक योगायोगात सहज बसतो. म्हणजे कोणत्या बाजूचं पारडं जड आहे, या प्रश्नाला दोन्ही कागद एकच उत्तर देतात. बहुमत आहे का, या प्रश्नाला मात्र वेगवेगळी देतात.

मग टोकं बघा. ३६ चे ३८ झाले, २० चे २२. जवळपास हललीच नाहीत. फुगले ते मधलेच दोन: ५० चे ७६ आणि ३० चे ५४. तुमच्या आकड्यांतही असंच दिसलं तर समजा, की काढलेला रकाना सौम्य पर्यायांमध्ये विरघळला. टोकंच फुगलेली दिसली तर मात्र थांबा. वाटणी नीट झाली नसेल, किंवा कागद भरून घेणाऱ्याने काहीतरी आग्रह केला असेल.

कोरे सोडलेले १० विसरू नका. कोणताही पर्याय लागू पडत नसेल तर काही जण उत्तरच देत नाहीत. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रश्न `Required` केला असता तर हे दहा जण एकतर फॉर्म अर्धवट सोडून गेले असते किंवा कशावरही टिक करून पुढे गेले असते. पहिल्याचा पत्ता लागत नाही, दुसऱ्याचा तर मुळीच नाही.

शेवटी सरासरी, जिथे सर्वाधिक घोटाळे होतात. पहिल्या गटाची सरासरी ५ पैकी ३.२६ येते आणि दुसऱ्याची ४ पैकी २.६८. असे दोन आकडे शेजारी ठेवून "सहमती घटली" असं लिहिलेलं मी छापील अहवालात पाहिलं आहे. दोन पट्ट्यांची लांबीच वेगळी आहे. मीटर आणि यार्डाची वजाबाकी करावी तसं ते झालं. तुलना करायचीच असेल तर दोन्ही ० ते १०० वर आणा. एक्सेलमध्ये B2 या घरात सरासरी असेल तर पाच आणि चार पर्यायांसाठी अनुक्रमे:

```
=(B2-1)/(5-1)*100
=(B2-1)/(4-1)*100
```

उत्तरं येतात ५६.५ आणि ५६.१. म्हणजे काहीच घटलेलं नाही. हेही लक्षात घ्या, की जुळले ते फक्त सरासरीचे आकडे. पहिल्या गटातले ३२ टक्के मधे बसलेले आहेत आणि दुसऱ्यातला मधे कोणीच नाही, हे ५६ च्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून एकटी सरासरी छापू नका, प्रत्येक पर्यायाचे आकडे द्या.

पायरी सहावी: मधल्यांना आणखी एक प्रश्न

पाच पर्याय ठेवले असतील तर मधे टिक करणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवा: "तुम्ही मधला पर्याय निवडला, तर यांपैकी काय जवळचं वाटतं?" पर्याय चार: दोन्ही बाजू पटतात; अजून विचार केलेला नाही; मला फरक पडत नाही; सांगायचं नाही.

आपल्या ६४ जणांपैकी समजा १४ जणांना दोन्ही बाजू पटतात, ३१ जणांनी विचार केलेला नाही, १५ जणांना फरक पडत नाही, आणि ४ जणांना सांगायचं नाही. आता कार्यकारिणीच्या हातात काहीतरी आलं. ३१ जणांना सूचनाफलकावर हिशेब मांडून दाखवता येईल, वीस रुपये कुठे जाणार ते. १४ जणांसाठी दहा रुपये वाढ आणि आठवड्यातून तीनच दिवस उशीर, असा मधला तोडगा काढता येईल. १५ जणांना विचारत बसण्याची गरज नाही. चार पर्यायांच्या कागदावर यातले बहुतेक "सहमत" आणि "असहमत" होऊन बसले असते, आणि अजाण मतांवर ठराव झाला असता.

मग कधी काढायचा?

प्रत्यक्षातही दोनच वाटा असतील तेव्हा. सर्वसाधारण सभेत ठरावाला हात वर करायचा किंवा नाही, एवढंच उरलं असेल आणि सगळ्यांनी विषय आधी ऐकलेला असेल, तर चार पर्याय त्या प्रसंगाच्या जवळ जातात. रोज ज्या गोष्टीशी संबंध येतो तिथेही मी काढतो. नळाला पाणी पुरेसं येतं का, यावर क्वचितच कोणी विचार न केलेला असतो. काढलाच तर "लागू नाही" किंवा "मत नाही" अशी बाहेरची दारं उघडी ठेवा.

जिथे उत्तर देणारा दबावात असतो तिथे काढू नका: कामगार साहेबांविषयी, विद्यार्थी शिक्षकांविषयी, रुग्ण दवाखान्यात बसून डॉक्टरांविषयी. मधली जागा गेली की तिथला संकोच "सहमत"मध्ये जातो, आणि अहवाल वाचणाऱ्याला वाटतं सगळे खूश आहेत. मधला रकाना तिथे धोक्याची खूण म्हणून कामाला येतो. बाकी विभागांत १५ टक्के लोक मधे असतात आणि एकाच विभागात ५० टक्के, असं दिसलं तर त्या विभागात चौकशी करा.

आणि जुनं सर्वेक्षण असेल तर ते जसं आहे तसंच चालवा. गेल्या वर्षी पाच पर्याय असताना यंदा चार केले, तर "सहमती ४३ वरून ५७ टक्क्यांवर" असा मथळा आयता मिळतो आणि तो खोटा असतो. बदल करणं भागच असेल तर एक वर्ष दोन्ही कागद निम्मे निम्मे वाटा, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांमधे किती अंतर पडतं ते कळेल.

अहवालात विधान जसंच्या तसं, पर्याय जसेच्या तसे, मधला पर्याय होता की नव्हता, आणि किती जणांनी उत्तर दिलं नाही, हे चारही लिहा. वाचनालयाच्या सूचनाफलकावर ते असं लागेल: "२०० सभासदांपैकी ४३ टक्के सहमत, २५ टक्के असहमत, ३२ टक्के मधे, मधल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी अजून विचार केलेला नाही. पर्याय पाच होते."